महाबळेश्वरचा सेकंद, सांगलीचा सेकंद

तासगावच्या द्राक्षबागेत किंवा कृष्णाकाठच्या उसाच्या रानात सरकारी मोजणी आली, की आता भूकरमापकाच्या हातात साखळीऐवजी एक काठी दिसते. काठीच्या टोकावर एक पांढरा डबा बसवलेला असतो. त्याला सगळे रोव्हर म्हणतात. काठीचं टोक हद्दीच्या दगडावर टेकवायचं, काठीवरच्या कुपीतला बुडबुडा मधोमध आणायचा, हातातल्या पडद्यावर FIX ही अक्षरं उमटेपर्यंत थांबायचं आणि मग बिंदू नोंदवायचा. आकाश मोकळं असेल तर दोन-तीन सेंटीमीटरच्या आत त्या दगडाची जागा ठरते. दोन्ही बाजूंचे खातेदार शेजारी उभे राहून त्या पडद्याकडे टक लावून पाहत असतात, कारण बांध हातभर इकडे की तिकडे यावरून दोन घरांचं जाणं-येणं थांबलेलं असू शकतं.

तो डबा मोजतो ती फक्त वेळ. डोक्यावरचे उपग्रह सतत सांगत असतात, ‘मी अमुक क्रमांकाचा उपग्रह, माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले.’ हा निरोप रेडिओलहरींवरून, म्हणजे प्रकाशाच्या वेगानं खाली येतो आणि इथे पोचायला त्याला सेकंदाचा साधारण चौदावा भाग लागतो. निरोप निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यांतल्या फरकाला प्रकाशाच्या वेगानं गुणलं, की त्या उपग्रहापासूनचं अंतर मिळतं. जीपीएस, युरोपचं गॅलिलिओ, रशियाचं ग्लोनास आणि आपलं नाविक या सगळ्यांचा पाया एवढाच आहे.

अडचण अशी, की प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. सेकंदाच्या अब्जाव्या भागाला नॅनोसेकंद म्हणतात. तेवढ्या वेळातही प्रकाश ३० सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे उपग्रहाचं घड्याळ दहा नॅनोसेकंदांनी चुकलं, तर अंतर तीन मीटरनी चुकलं. द्राक्षबागेत दोन ओळींमधलं अंतरसुद्धा बहुधा याहून कमी असतं. म्हणून या उपग्रहांवर रुबिडियम किंवा सिझियम या धातूंच्या अणूंवर चालणारी घड्याळं बसवतात. तुमच्या हातातल्या रोव्हरमध्ये किंवा मोबाइलमध्ये मात्र साधं स्फटिकाचं घड्याळ असतं. ते एका सेकंदात एखाद्या मायक्रोसेकंदानं सहज भरकटतं, आणि एका मायक्रोसेकंदाचे होतात ३०० मीटर. ही अडचण सोडवायची युक्ती अशी: आपल्या जागेचे तीन आकडे अज्ञात आहेत, त्यांत आपल्या घड्याळाची चूक हा चौथा अज्ञात आकडा धरायचा आणि तीनऐवजी चार उपग्रह घेऊन चारही आकडे एकदम सोडवायचे. आपलं घड्याळ या रीतीनं दर वेळी नव्यानं जुळवून घेतलं जातं. ही युक्ती ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सगळा उलगडा तिच्यावर उभा आहे.

उरतो प्रश्न उपग्रहांच्या घड्याळांचा. समजा, ती अगदी निर्दोष आहेत. तरीही कक्षेत गेल्यावर ती जमिनीवरच्या घड्याळांशी जुळत नाहीत. यात घड्याळाचा काही दोष नसतो. तिथला सेकंद आणि इथला सेकंद हे मुळातच एकसारखे नाहीत.

हे पटायला अवकाशात जायची गरज नाही, आपले दोन जिल्हे पुरतात. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे, सांगली सुमारे ५५० मीटरवर. दोन्हींत ८०० मीटरचा फरक. कल्पना करा, की महाबळेश्वरहून एक अगदी शुद्ध, एकाच रंगाचा प्रकाश सांगलीकडे सोडला आहे. खाली येणाऱ्या कोणत्याही वस्तूची ऊर्जा वाढते, तशी प्रकाशाचीही वाढते. पण प्रकाशाचा वेग वाढू शकत नाही. त्याची ऊर्जा वाढते म्हणजे त्याची वारंवारता वाढते, दर सेकंदाला जास्त लहरी येतात. तेव्हा सांगलीत बसलेला माणूस एका सेकंदात जेवढ्या लहरी मोजेल, त्या महाबळेश्वरच्या माणसानं एका सेकंदात सोडलेल्या लहरींपेक्षा किंचित जास्त भरतील.

आता या जास्तीच्या लहरी आल्या कुठून? वाटेत लहरी जन्माला येत नाहीत. वर जेवढ्या सुटल्या, नेमक्या तेवढ्याच खाली पोचतात. दोन्ही गावांमधलं अंतरही बदलत नाही, त्यामुळे वाटेत त्या साठून राहिल्या आणि मग एकदम आल्या असंही होत नाही. एकच शक्यता उरते. सांगलीच्या माणसाचा एक सेकंद होईपर्यंत महाबळेश्वरला एका सेकंदापेक्षा थोडी जास्त वेळ गेलेली असते. गुरुत्वाच्या डोहात जितकं खोल जावं, तितकी वेळ सावकाश जाते. आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतावादातली ही गोष्ट १९६० साली हार्वर्ड विद्यापीठात पाउंड आणि रेब्का या दोघांनी अवघ्या साडेबावीस मीटर उंचीच्या मनोऱ्यात मोजून दाखवली.

फरक किती, हे काढायला शाळेतलं गणित पुरतं. गुरुत्व त्वरण ९.८, उंचीतला फरक ८०० मीटर. या दोहोंच्या गुणाकाराला प्रकाशाच्या वेगाच्या वर्गानं भागलं, की एका सेकंदामागचा फरक मिळतो. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी तो गुणला, तर उत्तर येतं साडेसात नॅनोसेकंद. म्हणजे महाबळेश्वरचं अणुघड्याळ रोज साडेसात नॅनोसेकंदांनी सांगलीच्या घड्याळापुढे जाईल. वर्षाला पावणेतीन मायक्रोसेकंद. माणसाच्या आयुष्यात यानं काही बिघडत नाही, पण तेवढ्या साडेसात नॅनोसेकंदांत प्रकाश सव्वादोन मीटर जातो हेही खरं.

जीपीएसचा उपग्रह ८०० मीटरवर नाही, सुमारे २०,२०० किलोमीटरवर आहे. हाच हिशेब तसाच वर नेला तर दिवसाला १९० मायक्रोसेकंद येतील. ते उत्तर चुकीचं आहे, कारण ९.८ हा आकडा फक्त जमिनीलगतचा. वर जाताना गुरुत्व विरळ होत जातं आणि वरच्या प्रत्येक किलोमीटरचा वाटा खालच्या किलोमीटरपेक्षा कमी पडतो. तो उतार नीट धरून बेरीज केली, की आकडा येतो दिवसाला ४५.८ मायक्रोसेकंद. एवढ्यानं उपग्रहाचं घड्याळ पुढे जातं.

दुसरा परिणाम उलट्या दिशेचा. धावतं घड्याळ थांबलेल्या घड्याळाच्या मागे पडतं, हा १९०५ च्या मर्यादित सापेक्षतावादाचा निष्कर्ष. उपग्रहाचा वेग सेकंदाला ३.८७ किलोमीटर आहे. प्रकाशाच्या वेगाशी त्याचं गुणोत्तर काढा, त्याचा वर्ग करा आणि निम्मा करा. जे उरतं ते दर सेकंदामागचं मागे पडणं. दिवसाचा हिशेब ७.२ मायक्रोसेकंद होतो. उंचीमुळे ४५.८ पुढे, वेगामुळे ७.२ मागे, हाती उरले दिवसाला ३८.६ मायक्रोसेकंद पुढे.

या दोघांतला कोण वरचढ ठरेल, हे कक्षेवर अवलंबून आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जेमतेम चारशे किलोमीटरवर आहे. तिथे उंचीचा फायदा थोडा आणि वेग मात्र सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त, म्हणून तिथली घड्याळं मागे पडतात. जमिनीपासून साधारण ३,२०० किलोमीटरवरच्या वर्तुळाकार कक्षेत दोन्ही परिणाम एकमेकांना फेडतात. त्याच्या वर उंची जिंकते. आपल्या नाविकचे उपग्रह तर सुमारे ३६,००० किलोमीटरवर, पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखत फिरतात. ते जीपीएसपेक्षा उंचही आहेत आणि संथही, म्हणून त्यांचं पुढे जाणं अधिक आहे: दिवसाला सुमारे ४६.६ मायक्रोसेकंद. २९ मे २०२३ रोजी श्रीहरिकोटाहून सुटलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावर भारतात बनवलेलं रुबिडियम घड्याळ पहिल्यांदा गेलं. त्याआधीच्या उपग्रहांवरची आयात केलेली घड्याळं एकामागून एक बंद पडत गेली होती. घड्याळ कुणीही बनवलेलं असो, वर गेल्यावर त्याचा सेकंद तेवढ्याच प्रमाणात बदलतो.

हे सगळं कागदावर कितीही पक्कं असलं, तरी सत्तरच्या दशकात जीपीएसची आखणी करणाऱ्यांमध्ये असेही अभियंते होते, ज्यांना ही दुरुस्ती खरोखर लागेल याची खात्री नव्हती. मग प्रयोगच करायचं ठरलं. २३ जून १९७७ रोजी अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेचा एनटीएस-२ हा उपग्रह सिझियम घड्याळ घेऊन वर गेला. सापेक्षतेची दुरुस्ती करणारं मंडल त्यात बसवलेलं होतं, पण ते मुद्दाम बंद ठेवलं होतं. सुमारे वीस दिवस ते घड्याळ जसं चालेल तसं चालू दिलं आणि जमिनीवरून मोजत राहिले. भाकीत होतं एक लाख कोटी भागांमागे ४४६.५ भाग पुढे जाण्याचं. मोजमापात आले ४४२.५. दिवसाच्या भाषेत, ३८.६ मायक्रोसेकंदांच्या जागी ३८.२. तेव्हाच्या घड्याळांची अचूकता पाहता हा मेळ उत्तम होता. शंका फिटली आणि मंडल चालू करण्यात आलं.

तेव्हापासून दुरुस्ती कारखान्यातच करतात. जीपीएसच्या घड्याळाची मूळ वारंवारता १०.२३ मेगाहर्ट्झ. उपग्रह जमिनीवर असतानाच ती १०.२२९९९९९९५४३ मेगाहर्ट्झवर लावून ठेवतात. एक कोटीहून जास्त ठोक्यांच्या सेकंदात हा फरक इतका बारीक आहे, की जवळपास ३ मिनिटं ३९ सेकंदांनी एक ठोका कमी पडतो. जमिनीवर ते घड्याळ मुद्दाम हळू असतं. वर गेल्यावर, इथून पाहता, ते बरोबर चालतं.

आता एक मुद्दा जरा सोलून पाहायला हवा. प्रकाशाच्या वेगानं गुणलं तर ३८.६ मायक्रोसेकंदांचे साडेअकरा किलोमीटर होतात. त्यावरून जवळजवळ प्रत्येक लोकप्रिय लेखात लिहिलेलं असतं, की आइन्स्टाइन नसता तर जीपीएस रोज साडेअकरा किलोमीटरनी चुकलं असतं. आज सांगलीत उभे असाल तर उद्या मिरजेच्या पलीकडे दिसाल. गुणाकार बरोबर आहे. त्यातून काढलेलं चित्र बरोबर नाही.

चौथा अज्ञात आकडा आठवा. सगळ्याच उपग्रहांची घड्याळं सारख्याच प्रमाणात पुढे गेली, तर सगळीच अंतरं सारखीच चुकतील. रोव्हरच्या दृष्टीनं ते त्याचं स्वतःचं घड्याळ तेवढं मागे असल्यासारखंच आहे, आणि ती चूक तर तो दर सेकंदाला शोधून बाजूला काढतोच. चौघा मित्रांनी आपापली घड्याळं पाच-पाच मिनिटं पुढे लावली, तर त्यांच्या आपसातल्या भेटी चुकत नाहीत. तसंच इथे जागा जवळपास ठीकच राहिली असती. जी चूक शिरली असती ती आडवाटेनं: पुढे गेलेल्या घड्याळावर विसंबून उपग्रह त्या क्षणी कुठे होता हे काढलं, तर तो आहे त्यापेक्षा थोडा पुढे सरकलेला धरला जातो. सेकंदाला ३.८७ किलोमीटर वेगानं ३८.६ मायक्रोसेकंदांत तो पंधरा सेंटीमीटर जातो. म्हणजे उपग्रहाच्या जागेत रोज पंधरा सेंटीमीटरची भर, महिन्याला साडेचार मीटर.

शिवाय जमिनीवरची नियंत्रण केंद्रं प्रत्येक उपग्रहाचं घड्याळ सतत तपासत असतात आणि त्याची चूक त्याच उपग्रहाच्या निरोपातून सगळ्यांना कळवत असतात. सापेक्षता कुणाला ठाऊकच नसती, तरी ‘ही घड्याळं रोज ३८.६ मायक्रोसेकंद पुढे जातात, का कोण जाणे’ अशी नोंद झाली असती आणि तीही निरोपातून कळवली गेली असती. मात्र निरोपातला हा रकाना मर्यादित आहे. त्यात जेमतेम एक मिलिसेकंदाची चूक मावते. कारखान्यातली दुरुस्ती केली नसती, तर पंचवीस दिवसांत रकाना भरला असता आणि घड्याळ पुन्हा जुळवावं लागलं असतं. ज्यांना जागा नको, नुसती अचूक वेळ हवी आहे, त्यांचं नुकसान मात्र पहिल्या दिवसापासून झालं असतं. म्हणून ही दुरुस्ती गरजेची आहेच. पण बांधावरच्या दगडाला हलवू शकणारी सापेक्षता ती नव्हे.

दगड हलतो तो उपग्रहा-उपग्रहांतल्या फरकामुळे. जी चूक चारही उपग्रहांत सारखी नसते ती चौथ्या अज्ञात आकड्यात मावत नाही, ती थेट जागेत उतरते. सापेक्षतेत अशी एक चूक आहे आणि तिचं कारण कक्षेचा आकार.

जीपीएसच्या कक्षा जवळपास वर्तुळाकार आहेत, तंतोतंत नाहीत. कक्षा वर्तुळापासून किती ढळली आहे हे सांगणाऱ्या आकड्याला विकेंद्रता म्हणतात. एखाद्या उपग्रहाची विकेंद्रता ०.०१ धरा. जीपीएससाठी हा अगदी नेहमीचा आकडा आहे. असा उपग्रह पृथ्वीच्या मध्यापासून सरासरी २६,५६० किलोमीटरवर असतो, पण फेरीच्या एका टोकाला २६६ किलोमीटर आत येतो आणि दुसऱ्या टोकाला तेवढाच बाहेर जातो. आत येतो तेव्हा गुरुत्वात अधिक खोल असतो आणि वेगही वाढलेला असतो. दोन्ही कारणं त्याचं घड्याळ मंद करतात. बाहेर जातो तेव्हा दोन्ही कारणं ते जलद करतात. कारखान्यातली दुरुस्ती सरासरीवर बेतलेली आहे, त्यामुळे हे चढउतार तसेच शिल्लक राहतात.

फेरीचा जवळचा अर्धा भाग संपतो तिथे घड्याळ सर्वांत मागे पडलेलं असतं, आणि सुमारे सहा तासांनी लांबचा अर्धा भाग संपतो तिथे ते सर्वांत पुढे. आपण घेतलेल्या उपग्रहासाठी हा झोका मागे २३ नॅनोसेकंद आणि पुढे २३ नॅनोसेकंद असा भरतो. अंतरात दोन्ही बाजूंना सात-सात मीटर. आता मोबाइल घेऊन तासगावच्या बागेत उभे राहा. डोक्यावरच्या आठ-दहा उपग्रहांपैकी एक आपल्या झोक्याच्या मागच्या टोकाला आहे, दुसरा पुढच्या, तिसरा मधेच कुठेतरी. एकाचं अंतर सात मीटरनी जास्त, दुसऱ्याचं सात मीटरनी कमी. ही चूक कोणत्याही एका आकड्यानं पुसता येत नाही. उघड्या आकाशाखाली चांगला मोबाइल तीन ते पाच मीटरपर्यंत जागा सांगतो. ही दुरुस्ती वगळली तर त्याहून मोठी गडबड दर तासाला वेगळ्या दिशेनं व्हायला लागेल.

उपग्रह ही दुरुस्ती करत नाही. ती खाली, आपल्या हातातलं यंत्र करतं. उपग्रह निरोपातून आपल्या कक्षेचा आकार कळवतो आणि प्रत्येक यंत्र त्यावरून हे एका ओळीचं गणित सोडवतं:

```
Δt = F · e · √A · sin E
F = −4.442807633 × 10⁻¹⁰
```

यात e म्हणजे विकेंद्रता, A म्हणजे कक्षेच्या लांबट आकाराच्या मोठ्या अक्षाचा निम्मा भाग मीटरमध्ये, आणि E म्हणजे उपग्रह फेरीत कुठे पोचला आहे ते सांगणारा कोन. वरचा २३ नॅनोसेकंदांचा आकडा इथूनच आला. खिशातला स्वस्तातला स्वस्त मोबाइलसुद्धा जीपीएस वापरताना प्रत्येक उपग्रहासाठी ही ओळ पुन्हा पुन्हा सोडवत असतो. सापेक्षतेचं गणित इतक्या लोकांच्या खिशात चालतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चुकायची जागाही इथेच आहे. ग्लोनासचे उपग्रह हा झोका आधीच हिशेबात धरून आपल्या घड्याळाची दुरुस्ती कळवतात. तिथे वरची ओळ पुन्हा लावली, तर तीच दुरुस्ती दोनदा होते. ग्लोनासच्या कक्षा वर्तुळाच्या फार जवळ असल्यानं चूक बहुधा मीटरच्या आतच राहते आणि म्हणूनच लवकर ध्यानात येत नाही. ओळखायची खूण अशी: आकाशात चारपेक्षा जास्त उपग्रह असतात, तेव्हा प्रत्येकाचं मोजलेलं अंतर इतरांशी ताडून पाहता येतं. एखाद्या उपग्रहाचा न जुळणारा भाग त्याच्या फेरीच्या तालावर चढत-उतरत असेल, तर दोष सापेक्षतेच्या ओळीत आहे. वातावरणामुळे होणारी गडबड अशी त्या एका उपग्रहाच्या फेरीला बांधलेली नसते.

हा झोका किती मोठा होऊ शकतो, ते एका अपघातानं दाखवलं. २२ ऑगस्ट २०१४ रोजी गॅलिलिओचे दोन उपग्रह फ्रेंच गयानाहून सुटले. रॉकेटच्या वरच्या टप्प्यात इंधनाची नळी थंड हेलियमच्या नळीला लागून होती. इंधन गोठलं आणि उपग्रह भलत्याच लांबट कक्षेत जाऊन पडले. पुढे कक्षा बरीचशी सावरली, तरी विकेंद्रता ०.१६ राहिली. दर फेरीत ते सुमारे ८,५०० किलोमीटर वर-खाली होतात आणि त्यांचं घड्याळ साधारण ३७० नॅनोसेकंद मागे-पुढे झुलतं. अंतरात ते एकशे दहा मीटर. दिशादर्शनासाठी ही कक्षा गैरसोयीची, पण भौतिकशास्त्राला हवा असलेला प्रयोग आयता मिळाला. पॅरिस आणि ब्रेमेनच्या दोन गटांनी त्या उपग्रहांवरच्या हायड्रोजन घड्याळांची काही वर्षांची नोंद तपासली आणि डिसेंबर २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध केले. गुरुत्वामुळे वेळ बदलते हा आइन्स्टाइनचा हिशेब १९७६ साली रॉकेटमधून घड्याळ वर पाठवून केलेल्या प्रयोगापेक्षा कितीतरी बारकाईनं खरा ठरला.

आणखी एक दुरुस्ती यंत्राला करावी लागते, आणि ती पृथ्वीच्या फिरण्याची. उपग्रहाचा निरोप वाटेत असतो त्या ०.०७ सेकंदात आपण जागेवर थांबत नाही. सांगलीच्या अक्षांशावर जमीन सेकंदाला सुमारे ४४५ मीटर वेगानं पूर्वेला चालली आहे. निरोप पोचेपर्यंत बांधावरचा दगड ३१ मीटर पूर्वेला गेलेला असतो. प्रकाशाचा वेग कायम असतो तो न फिरणाऱ्या चौकटीत. आपण मात्र सगळे नकाशे पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या चौकटीत काढतो. या दोन चौकटींचा हिशेब जुळवला नाही, तर यंत्र तुम्हाला तीस मीटर पूर्वेला दाखवतं. नव्यानं आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हातून सुटते ती बहुधा हीच पायरी. पण ही चूक पकडायला सोपी आहे. कुठल्याही ठाऊक असलेल्या खुणेवर उभे राहा, उत्तर नेहमी त्याच दिशेला आणि तेवढंच सरकलेलं येईल.

आता भूकरमापकाकडे परत येऊ, कारण त्याचं यंत्र मोबाइलपेक्षा वेगळ्या रीतीनं चालतं. भारतीय सर्वेक्षण विभागानं राज्यात कायमस्वरूपी स्थानकांचं जाळं उभारलं आहे. मोजणीवाले त्याला कॉर्स म्हणतात. यातल्या प्रत्येक स्थानकाची जागा आधीच अत्यंत अचूक ठरवलेली आहे आणि ती स्थानकं दिवसरात्र तेच उपग्रह ऐकत असतात. रोव्हर मोबाइलच्या जाळ्यावरून त्यांच्याशी जोडला जातो. एकाच उपग्रहाचा एकाच क्षणाचा निरोप स्थानकानंही ऐकला आणि रोव्हरनंही. दोन्ही मोजमापांची वजाबाकी केली, की त्या उपग्रहाच्या घड्याळात जे काही कमी-जास्त असेल ते सगळं निघून जातं, मग ते यंत्रातल्या दोषाचं असो, कारखान्यातल्या दुरुस्तीत राहून गेलेलं असो किंवा लांबट कक्षेच्या झोक्याचं असो. मोबाइलला जे सात मीटर गणितानं काढून टाकावे लागतात ते रोव्हरला दिसतही नाहीत.

फिरणाऱ्या पृथ्वीची दुरुस्ती मात्र वजाबाकीनं पूर्ण जात नाही. ती न केल्यास सगळी आकृती पृथ्वीच्या अक्षाभोवती अंशाच्या एका छोट्या भागानं फिरते. स्थानक आणि रोव्हर यांच्यात पूर्व-पश्चिम तीस किलोमीटर अंतर असेल, तर त्यातून सुमारे पंधरा सेंटीमीटरचा फरक उरतो आणि तो मुख्यतः उंचीत दिसतो. शंभर मीटरच्या शेतात तोच फरक मिलिमीटरच्या आत येतो. म्हणून लांबच्या स्थानकावर विसंबणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीत ही पायरी असतेच.

वजाबाकीतून उरतं ते मुख्यतः जमिनीजवळचं. उसाचं पीक डोक्याच्या वर गेलं, बांधावर आंब्याचं मोठं झाड असलं, की काही उपग्रहांचे निरोप अडतात. गोठ्याच्या पत्र्यावर आपटून येणारा निरोप लांबच्या वाटेनं पोचतो आणि अंतर वाढवून सांगतो. स्थानकाकडचं आकाश याहून वेगळं असल्यानं या चुका वजाबाकीत जात नाहीत. रोव्हर सेंटीमीटरची अचूकता काढतो ती १९ सेंटीमीटर लांबीच्या लहरींचे भाग मोजून. पण उपग्रहापर्यंत अशा पूर्ण लहरी किती, हा आकडा त्याला स्वतःच ठरवावा लागतो. तो ठरला, की पडद्यावर FIX येतं. निरोप तुटत असतील तर FLOAT दिसतं आणि जागा दोन-चार हातांनी इकडे-तिकडे होत राहते. सर्वांत फसवी वेळ ती, जेव्हा FIX दिसतं पण लहरींचा आकडा एखाद-दुसऱ्यानं चुकलेला असतो. तेव्हा पडद्यावरची अचूकता चांगली दिसते आणि दगड मात्र वीस-तीस सेंटीमीटरनी सरकलेला नोंदवला जातो. ते ओळखायचा उपाय असा: यंत्राला आकड्याचा शोध नव्यानं घ्यायला लावायचं आणि उपग्रहांची मांडणी थोडी बदलली, की अर्ध्या-पाऊण तासानं तोच दगड पुन्हा मोजायचा.